मेलमध्ये आरोप नव्हता, म्हणून प्रकरण टिकलं

एका बिलावरचा मोबाइल नंबर तिला ओळखीचा वाटला. शेवटचे चार आकडे एकसारखे असलेला, एकदा पाहिला की डोक्यात राहणारा. ती लेखा विभागात पुरवठादारांची बिलं तपासायची. ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल, हे तीन कागद एकमेकांशी जुळवून पाहायचे आणि जुळले की बिल पुढे सोडायचं, हे तिचं रोजचं काम. हे बिल पॅकिंगच्या खोक्यांचं होतं. नग जुळत होते, रक्कमही जुळत होती. नंबर मात्र डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी जिन्याजवळच्या फलकापाशी उभी असताना तो तिला सापडला. आगीच्या सरावासाठी लावलेली यादी होती, त्यात खरेदीप्रमुखांच्या नावापुढे, ‘आणीबाणीत कोणाला कळवायचं’ या रकान्यात तोच नंबर.

तिथून कम्प्लायन्सकडे, म्हणजे कंपनीत नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या आमच्या विभागाकडे, तिचा मेल यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत तिने एक मेल लिहिला आणि पाठवला नाही. मग दुसरा लिहिला आणि पाठवला. चौकशी संपल्यावर तिने न पाठवलेला मसुदाही आम्हाला दाखवला. हे सगळं लिहायला घेतलं ते त्या दोन मेलमधल्या फरकासाठी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रकमा काढून टाकल्या आहेत. खरेदीप्रमुखांच्या सहीची मर्यादा १०० धरून बाकीचे आकडे त्या हिशेबात दिले आहेत.

हातात काय होतं

नंबर जुळल्यावर तिने त्या पुरवठादाराची आपल्या टेबलावरून गेलेली बिलं आणि त्यांना जोडलेले कागद पुन्हा पाहिले. या पुरवठादाराला आपण ‘क’ म्हणू.

दरपत्रकांच्या कागदांत तिला दिसलं की जूनमध्ये तिघांकडून दर मागवले होते आणि शेवटची तारीख ११ होती. दोघांचे दर ९ आणि १० तारखेला आले. ‘क’चा दर १४ तारखेला आला, आणि तो बाकी दोघांतल्या कमी दरापेक्षा २ टक्क्यांनी खाली होता. पुढे जुलैमध्ये ‘क’ला चार ऑर्डरी गेल्या, ९६, ९७, ९४ आणि ९८ च्या. १०० च्या आत असलं की खरेदीप्रमुखांची सही पुरते, त्यावर गेलं की वित्तप्रमुखांकडे जावं लागतं. आणि ऑगस्टमध्ये स्टोअरमधला एक सहकारी बोलता बोलता तिला म्हणाला, “ती साहेबांच्या मेहुण्याची कंपनी आहे, सगळ्यांना माहीत आहे.”

या चार गोष्टी एकापुढे एक ठेवल्या की गोष्ट आपोआप तयार होते, आणि तीच अडचण आहे. चारही गोष्टींचं वजन सारखं नाही. नंबर तिने स्वतः पाहिला होता, पण त्यातून कळतं ते एवढंच की दोन कागदांवर एकच नंबर आहे. ऑर्डरींचे आकडे खरे होते, पण गोदामात जागा कमी असली तरी माल तुकड्यातुकड्यांनी मागवला जातो. उशिरा आलेला दर तर तिच्या फाइलमध्ये उशिरा आलेला दिसत होता. तिच्या फाइलमध्ये सगळे कागद असतीलच असं नव्हतं. आणि ‘सगळ्यांना माहीत आहे’ हे वाक्य चौकशीत सर्वांत आधी विरघळतं. त्या ‘सगळ्यां’ना एकेक करून विचारलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

न पाठवलेला मेल

पहिल्या मसुद्याचा विषय होता, ‘खरेदी विभागातील गैरव्यवहाराबाबत तक्रार’. मजकूर असा:

> खरेदीप्रमुख आपल्या मेहुण्याच्या कंपनीला कामं देत आहेत आणि हे नातं त्यांनी लपवून ठेवलं आहे. बाकीच्यांचे दर फोडून ‘क’ला मुद्दाम कमी दर द्यायला लावला. वरची मंजुरी टाळण्यासाठी ऑर्डरींचे तुकडे केले जात आहेत. हे उघड साटंलोटं आहे आणि स्टोअरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. कृपया तातडीने कारवाई करावी.

रागाच्या भरात लिहिलेला वाटतो, पण ती रागात नव्हती. तिला खरंच असं वाटत होतं. तिने सांगितलं की लिहिताना तिला हा मेल अगदी सरळ आणि स्वच्छ वाटला होता.

आता हा मेल आमच्या बाजूने वाचा. बिल क्रमांक नाही, तारीख नाही, कोणती फाइल उघडायची ते नाही. प्रत्येक वाक्य निष्कर्ष आहे. त्याहून वाईट म्हणजे ‘लपवून’, ‘मुद्दाम’, ‘टाळण्यासाठी’ हे तीन शब्द दुसऱ्याच्या मनातलं सांगतात, आणि ते तिने पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. मेलमधून ते तीन शब्द काढले तर तिला जे खरोखर माहीत आहे तेवढंच उरतं.

यातला ‘लपवून’ सर्वांत घातक. बहुतेक मोठ्या संस्थांत हितसंघर्ष, म्हणजे स्वतःचे किंवा नात्यातले संबंध कामातल्या निर्णयाच्या आड येऊ शकतील अशी स्थिती, जाहीर करण्याचा फॉर्म असतो आणि ते फॉर्म गोपनीय नोंदवहीत राहतात. लेखा विभागातल्या कर्मचाऱ्याला ती नोंदवही दिसत नाही. त्यामुळे ‘जाहीर केलेलं नाही’ असं म्हणण्याची तिची जागाच नव्हती. मुळात हितसंघर्ष हा गुन्हा नसून एक परिस्थिती आहे, हेच अनेकांना ठाऊक नसतं. सार्वजनिक सेवेतल्या हितसंघर्षाबद्दल ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २००३ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं प्रत्यक्ष, वरकरणी दिसणारा आणि पुढे उद्भवू शकणारा असा फरक करतात. खासगी कंपन्यांची धोरणंही बहुधा याच वाटेने जातात. मेहुण्याची कंपनी असणं म्हणजे नियमभंग नव्हे. ते वेळेवर सांगितलं का, आणि सांगितल्यावर निर्णयापासून दूर राहिले का, हे खरे प्रश्न.

मेल थांबला तो मात्र कोणत्याही थोर विचाराने नाही. सीसीमध्ये आपल्या साहेबांचं नाव टाकताना तिच्या लक्षात आलं की ते आणि खरेदीप्रमुख रोज एकाच गाडीने येतात. तेव्हा तिने धोरणाचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. त्यात लिहिलं होतं की अशी माहिती फक्त ठरवून दिलेल्या पत्त्यावर पाठवावी आणि स्वतः चौकशी करू नये.

मधले दिवस

‘स्वतः चौकशी करू नये’ हे पाळायला कठीण असतं. तो नंबर फिरवून कोण उचलतं ते ऐकावं, असं तिला दोनदा वाटलं. मनुष्यबळ विभागातली मैत्रीण खरेदीप्रमुखांच्या कुटुंबाची माहिती पाहून सांगू शकली असती. दोन्ही तिने केलं नाही. फोन केला असता तर समोरचा सावध झाला असता, आणि पुढे ‘कोणी फोन केला होता’ हीच एक वेगळी चौकशी झाली असती. मैत्रिणीने कामाशिवाय कोणाची माहिती उघडली असती तर तो त्या मैत्रिणीचा नियमभंग ठरला असता, आणि संगणकात त्याची नोंदही राहिली असती.

कंपन्यांची सार्वजनिक नोंदणी पाहावी का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ती कोणालाही पाहता येते, त्यामुळे पाहण्यात गैर काही नाही. माझं मत मात्र ‘सोडून द्या’ असं आहे. आडनाव जुळणं म्हणजे नातं नव्हे, आणि एकाच हिशेबनिसाच्या पत्त्यावर अनेक कंपन्या नोंदलेल्या असतात. पाहणाऱ्याला तिथे पुरावा मिळण्यापेक्षा स्वतःच्या संशयाला खतपाणीच जास्त मिळतं. आम्हाला ते काम करायला पाऊण तास लागला, आणि कधी, काय पाहिलं याची नोंद आमच्याकडे राहिली.

फलकावरच्या यादीचा फोटो काढायचा मोह तिने आवरला, कारण त्या यादीत चाळीस जणांच्या घरच्यांचे नंबर होते. तिने फक्त यादी कुठे लावली आहे आणि तळाशी कोणती तारीख छापली आहे तेवढं टिपून ठेवलं. बिलंही स्वतःच्या खासगी मेलवर पाठवली नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे, कारण चांगल्या हेतूने कागद घरी पाठवणारा माणूस गोपनीयतेच्या नियमात अडकतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. कागद प्रणालीत सुरक्षित असतात. आम्हाला क्रमांक मिळाला की पुरे.

पाठवलेला मेल

> विषय: पुरवठादार क्र. २२१७ संदर्भात माहिती (गोपनीय)
>
> नमस्कार,
>
> मी लेखा विभागात पुरवठादारांची बिलं तपासते. काम करताना पुढील गोष्टी माझ्या पाहण्यात आल्या. यात हितसंघर्ष आहे की नाही हे ठरवण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. ते आपण तपासावं म्हणून कळवत आहे.
>
> मी स्वतः पाहिलेलं:
>
> १. बिल क्र. ४१८, दि. ८ ऑगस्ट. यावर संपर्कासाठी एक मोबाइल नंबर आहे. जिन्याजवळच्या फलकावरील आग-सराव यादीत (तळाशी दि. १ जुलै) खरेदीप्रमुखांच्या नावापुढे आणीबाणीच्या संपर्कासाठी हाच नंबर आहे.
>
> २. जूनच्या दरपत्रकांत शेवटची तारीख ११ जून आहे. दोन पुरवठादारांच्या दरपत्रकांवर ९ व १० जून अशी आवक तारीख आहे, क्र. २२१७ च्या दरपत्रकावर १४ जून आहे. मी पाहिलेल्या कागदांत मुदतवाढीचं पत्र नाही.
>
> ३. ३, १०, १७ आणि २४ जुलैला या पुरवठादाराला चार ऑर्डरी दिल्या आहेत. रकमा अनुक्रमे ९६, ९७, ९४ आणि ९८. चारही १०० च्या आत आहेत.
>
> ऐकलेलं: हा पुरवठादार खरेदीप्रमुखांच्या नात्यातला आहे, असं एका सहकाऱ्याने १२ ऑगस्टला मला सांगितलं. त्यांना ते कसं कळलं हे मला माहीत नाही. आपण विचारल्यास त्यांचं नाव सांगेन.
>
> मला माहीत नसलेलं: असं काही नातं आहे का, असल्यास ते आधीच जाहीर केलेलं आहे का, दर देण्याची मुदत वाढवली होती का, आणि ऑर्डरी वेगवेगळ्या देण्यामागे गरजेचं काही कारण आहे का.
>
> माझ्याबद्दल: मे महिन्यात एका थांबलेल्या बिलावरून खरेदी विभागाशी माझा लेखी मतभेद झाला होता. आपल्याला ते माहीत असावं म्हणून सांगत आहे.
>
> याबद्दल मी कोणालाही विचारलेलं नाही, आणि माझ्या कामाबाहेरचे कागद उघडलेले नाहीत. मूळ कागद जागेवर आहेत. मेल मिळाल्याची पोच द्यावी.

पहिली गोष्ट लक्षात घ्या की यात पदाचा स्पष्ट उल्लेख आहे. आरोप करायचा नाही म्हणून ‘एक वरिष्ठ अधिकारी’, ‘एक विशिष्ट विक्रेता’ असं लिहिणारे पुष्कळ भेटतात. त्या मेलचं आम्ही काहीच करू शकत नाही. वस्तुस्थिती कोणाशी निगडित आहे हे सांगणं वेगळं आणि त्या माणसाने काय केलं हे ठरवणं वेगळं. उल्लेख फक्त विषयाच्या ओळीत नको, कारण ती ओळ मोबाइलच्या पडद्यावर, शेजारी बसलेल्यालाही दिसते.

दुसरी गोष्ट, यात ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ नाहीत. सावधपणा म्हणून लोक पाहिलेल्या गोष्टीलाही शंकेचं पांघरूण घालतात: ‘नंबर सारखा असावा असं वाटतं.’ नंबर सारखा असतो किंवा नसतो. शंका असेल ती ‘माहीत नसलेलं’ या परिच्छेदात जाते. पाहिलेल्या गोष्टीवर ती शिंपडायची नाही.

त्या परिच्छेदाने आमचे निदान दोन दिवस वाचले. काय तपासायचं याची यादीच तिथे होती, आणि प्रत्येक प्रश्नाचं साधं, निर्दोष उत्तर असू शकतं हे तिने मोकळेपणाने मान्य केलं होतं. आरोपवजा मेल वाचताना तपासणाऱ्याच्या मनात नकळत ‘याला खरं ठरवायचं की खोटं’ असं सुरू होतं. इथे तसं झालं नाही.

मे महिन्यातल्या मतभेदाचा उल्लेख पाहून आमच्यातला एकजण म्हणाला, “हिने स्वतःचंच नुकसान करून घेतलं.” मला उलट वाटलं. तो वाद मेलवर झालेला होता, तो सापडणारच होता. आम्हाला तो खरेदीप्रमुखांकडून कळला असता तर सगळ्या माहितीला सूडाचा वास आला असता. आता ती एक नोंद झाली, एवढंच.

तपासणीत काय निघालं

पोच दुसऱ्या दिवशी गेली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात माहिती देणाऱ्याला ७ दिवसांत पोच आणि पोचेनंतर ३ महिन्यांच्या आत प्रतिसाद द्यावा असं आहे. आमच्या धोरणात त्याच मुदती घेतल्या होत्या. पोचेबरोबर एकच प्रश्न विचारला: ‘क’च्या आधीच्या बिलांवरही हाच नंबर होता का? तिने पाहून सांगितलं की जुलैच्या बिलांवर कार्यालयाचा साधा दूरध्वनी होता. मोबाइल फक्त ८ ऑगस्टच्या बिलावर आला होता.

मग आमची नोंदवही उघडली, आणि त्यात खरेदीप्रमुखांचा फॉर्म होता. जानेवारीतला. पत्नीचा भाऊ ‘क’मध्ये भागीदार असल्याचं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि आम्हीच त्यावर अट घातली होती: ‘क’च्या निवडीत त्यांनी भाग घ्यायचा नाही, ‘क’च्या सगळ्या ऑर्डरींवर रक्कम कितीही असो, वित्तप्रमुखांची सही लागेल. ही अट आमच्या पत्रात होती. मंजुरीच्या संगणक-साखळीत ती कोणी घातलीच नव्हती. चूक आमच्या विभागाचीही होती, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं होतं.

चारपैकी तीन ऑर्डरींवर खरेदीप्रमुखांची सही निघाली. प्रणालीने कागद त्यांच्याकडे पाठवले आणि त्यांनी मंजूर केले. अट त्यांना माहीत होती. पत्राच्या प्रतीवर त्यांची सही आहे. मोबाइल त्यांच्या पत्नीचा होता. त्या ‘क’चे हिशेब लिहायला एप्रिलपासून मदत करत होत्या, आणि ही गोष्ट जानेवारीच्या फॉर्ममध्ये असणं शक्य नव्हतं. फॉर्म बदललेल्या परिस्थितीनुसार पुन्हा भरायचा असतो, तो भरला गेला नव्हता.

दरपत्रकाचं मात्र काहीच निघालं नाही. मुदत १५ जूनपर्यंत वाढवल्याचा मेल तिघांनाही एकाच वेळी गेला होता आणि तो निविदेच्या फाइलमध्ये होता. बिलांच्या फाइलमध्ये त्याची प्रत लावायची पद्धतच नव्हती. ऑर्डरींच्या बाबतीत दोन आठवड्यांना स्टोअरची स्वतंत्र मागणी सापडली, दोनांना नाही. तो भाग अंतर्गत लेखापरीक्षणाकडे गेला.

आता पहिला मसुदा पाठवला गेला असता तर काय झालं असतं ते पाहा. ‘लपवून ठेवलं आहे’ याला खरेदीप्रमुखांनी जानेवारीचा फॉर्म दाखवला असता. ‘दर फोडले’ याला मुदतवाढीचा मेल. पहिल्याच दुपारी दोन आरोप पडले असते, आणि दोन आरोप पडलेल्या तक्रारीचा तिसरा मुद्दा कोणी तेवढ्या नेटाने पाहत नाही. सह्यांचा प्रश्न, जो खरा होता, त्या मेलमध्ये कुठे नव्हताच. उलट तिच्यावरच ‘खोडसाळ तक्रार’ असा शेरा आला असता. असे शेरे मी पाहिलेले आहेत, आणि ते पुसायला फार कष्ट पडतात. दुसऱ्या मेलमध्ये दरपत्रकाची नोंद निरर्थक ठरली तरी मेलचं काही बिघडलं नाही, कारण तारखा खऱ्याच होत्या.

जे मेलने साधलं नाही

तिचं नाव आम्ही गुप्त ठेवलं, पण ‘क’ची बिलं एकच व्यक्ती तपासते हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून आम्ही एकट्या ‘क’ची फाइल मागवली नाही. जाहीर केलेले सगळे हितसंबंध आणि त्यांवरच्या अटी यांची पडताळणी काढली आणि त्यात सहा पुरवठादार घेतले. तरी खरेदीप्रमुखांना अंदाज आला नसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कामाची वाटणी बदलली, रजा अडली, मूल्यांकनात काही वेगळं दिसलं तर तारखेसह लगेच कळवा, असं तिला सांगून ठेवलं. सहा महिन्यांत तिने एकदाही कळवलं नाही.

आणखी एक गोष्ट. तिचा मेल पुढे आमच्या वकिलांनी वाचला, लेखापरीक्षकांनी वाचला, आणि तिची ओळख झाकून त्यातले तीन मुद्दे खरेदीप्रमुखांसमोर ठेवले गेले. त्यांनी ते वाचून म्हटलं, “तारखा बरोबर आहेत.” मग ते सह्यांबद्दल बोलू लागले. पहिला मसुदा समोर ठेवला असता तर संभाषण ‘साटंलोटं’ या शब्दावरच अडकलं असतं.

निकाल तिला कळवला गेला नाही. कोणावर काय कारवाई झाली हे माहिती देणाऱ्याला सांगायचं नसतं, आणि इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. तिला नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन ओळींचा मेल गेला: तपासणी पूर्ण झाली आहे, आवश्यक ते बदल केले आहेत.

त्याच महिन्यात ‘क’चं बिल पुन्हा तिच्या टेबलावर आलं. मंजुरीच्या रकान्यात वित्तप्रमुखांचं नाव होतं आणि संपर्कासाठी कार्यालयाचा दूरध्वनी. नग जुळत होते, रक्कम जुळत होती. तिने बिल पुढे सोडलं.